पेटी, खोली आणि वीतभर अंतर

घरी फोनवर ध्वनिमुद्रित केलेले भजन ऐकताना दोन तक्रारी हमखास येतात. गाणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो आणि पेटी गाण्यावर चढते. बहुतेक जण या दोन तक्रारी वेगळ्या समजतात आणि त्यांच्यावर वेगवेगळे इलाज करतात. घुमारा आला की नवा मायक्रोफोन आणतात, पेटी मोठी वाटली की ती लांब सरकवतात. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ एकच आहे: मायक्रोफोनपर्यंत थेट पोहोचणारा आवाज किती आणि भिंतींवरून फिरून येणारा किती, यांतले प्रमाण. ते प्रमाण सुधारण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी खोली, मग मायक्रोफोनचे अंतर, मग पेटी आणि सगळ्यात शेवटी फोन. हा क्रम उलटा केला की मेहनत वाया जाते.

समोर बसून भजन ऐकणाऱ्याला हा त्रास जाणवत नाही. माणसाला दोन कान आहेत. आवाज कुठल्या दिशेने आला हे मेंदूला कळते आणि भिंतीवरून उशिरा आलेला भाग तो बराचसा मागे टाकतो. मायक्रोफोनला ही निवड करता येत नाही. त्याच्यापर्यंत जे पोहोचते ते सगळे तो एकाच रेघेत उमटवतो. म्हणून बैठकीत गोड वाटलेले गाणे फोनवर गढूळ होते.

खोलीत काय घडते ते आधी पाहू. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत तो एका सेकंदात शंभराहून अधिक वेळा भिंती, फरशी आणि स्लॅब यांच्यावर आदळतो. प्रत्येक आदळण्यात त्याची थोडी ताकद जाते. किती जाते हे पृष्ठभागावर अवलंबून असते. सिमेंटचा गिलावा, चकचकीत फरशी आणि काच जवळजवळ सगळा आवाज परत फेकतात. गादी, जाड पडदा, कपड्यांनी भरलेले कपाट आणि बसलेली माणसे तो शोषून घेतात. मोजके सामान असलेल्या खोलीत आवाज विरायला सेकंदभर सहज लागतो. मध्य लयीतल्या अभंगात सेकंदभरात दोन-तीन अक्षरे म्हणून होतात. म्हणजे तिसरे अक्षर उच्चारले जात असताना पहिले अजून खोलीत फिरत असते. शब्द न कळण्याचे कारण हेच.

यावर पेटीचा एक खास गुण भर घालतो. तबल्याची थाप पडते आणि लगेच विरते. पेटीचा सूर मात्र बोट उचलेपर्यंत एकसारखा चालू राहतो आणि तेवढ्या वेळात अख्खी खोली भरून टाकतो. खोली अशी भरली की तिच्या कुठल्याही कोपऱ्यात मायक्रोफोन ठेवला तरी पेटीचा हा घुमणारा भाग जवळपास सारखाच मिळतो. मोकळ्या, टणक भिंतींच्या खोलीत पेटी चार फुटांवरून आठ फुटांवर नेऊनही ध्वनिमुद्रणात फारसा फरक पडत नाही, तो यामुळे. लांब नेण्याचा उपयोग खोली आधी शांत केली तरच होतो.

सेकंदभर घुमणाऱ्या अशा खोलीत, सगळीकडून सारखे ऐकणाऱ्या साध्या मायक्रोफोनसाठी, थेट आवाज आणि फिरून आलेला आवाज तोंडापासून साधारण फूटभर अंतरावर बरोबरीत येतात. त्याच्या आत थेट आवाजाचे वर्चस्व असते, बाहेर खोलीचे. फोन चार फुटांवरच्या टीपॉयवर ठेवून भजन मुद्रित करणारा माणूस मुख्यतः खोली मुद्रित करत असतो. गाद्या-पडद्यांनी घुमारा अर्ध्यावर आणला तर ही सीमा दीड फुटाच्या आसपास सरकते. फरक दिसायला लहान असला, तरी पुढची सगळी मांडणी या सहा इंचांच्या सवलतीवर उभी राहते.

आता एक उदाहरण पुरते पाहू. फ्लॅटमधली दहा बाय बारा फुटांची खोली, दहा फूट उंचीचा स्लॅब. खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला सरकत्या काचांची खिडकी, दुसऱ्या भिंतीशी लोखंडी कपाट, कोपऱ्यात देव्हारा. गाणाऱ्या काकू स्वतःच पेटी वाजवतात आणि काळी चारमध्ये गातात. काका टाळ धरतात. मायक्रोफोन म्हणजे तारेचा, कॉलरला लावायचा साधा माइक, आणि तो फोनला जोडलेला.

पहिली परीक्षा टाळीची. खोलीच्या मध्याशी उभे राहून एकच कडक टाळी वाजवावी. टाळीमागोमाग बारीक ‘टर्र’ असा धातूसारखा आवाज आला, तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाजाची चेंडूफेक करत आहेत. त्या दोघींपैकी एकीवर काहीतरी मऊ आणि जाड हवे. काकूंच्या खोलीत तो आवाज लांबीच्या दिशेने येतो. कापसाची गादी एका आखूड भिंतीशी उभी केली की तो बंद होतो. दुसरी गादी बाजूच्या भिंतीशी उभी राहते. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन गोधड्या पसरून तो स्टँड गाणाऱ्यासमोर चार-पाच फुटांवर ठेवला जातो, कारण आवाजाचा मुख्य झोत समोर जातो आणि समोरच्या भिंतीवरून सरळ परत येतो. गोधडी भिंतीला चिकटवून टांगण्यापेक्षा वीतभर पुढे टांगली, तर जास्त काम करते. भिंतीला लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते. थोडे पुढे ती वाढते आणि कापडाच्या धाग्यांत घासून आवाजाची ताकद मुरते. कपाटाची दारे उघडी टाकून आतले कपडे मोकळे करावेत, काचेवर पडदा ओढावा, खाली सतरंजी आणि तिच्यावर घडी घातलेली चादर अंथरावी. पातळ चटई किंवा एकेरी साडीचा पडदा यांचा उपयोग नाममात्र असतो. ते ‘स’, ‘श’ अशा वरच्या ध्वनींची धार थोडी कमी करतात आणि बाकीचा घुमारा तसाच सोडतात.

सगळ्या खोलीला गाद्या लावायची गरज नसते. टाळी पुन्हा वाजवावी. ‘टर्र’ गेला असेल आणि टाळी कोरडी, आखूड वाटत असेल तर तेवढे पुरे. भजनाला थोडी खोली हवीच. अगदी कोंदट जागेत गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही, म्हणून तो नकळत जोर लावतो आणि वरचे सूर चढे लागतात.

बसण्याची जागाही निवडावी लागते. कोपरा टाळावा, कारण तिथे दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर फुगवतात. खोलीचा नेमका मध्यही टाळावा. बारा फुटांच्या लांबीत एका आखूड भिंतीपासून चार फुटांवर, तोंड समोरच्या भिंतीकडे किंचित तिरके करून बसणे बरे. काकूंनी बसून झाल्यावर पेटीवर खालपासून वरपर्यंत एकेक सूर सावकाश, लांब धरून वाजवावा. एखाद्या सुराला देव्हाऱ्यातली घंटा झिणझिणते, दुसऱ्याला खिडकीची काच कुरकुरते, तिसऱ्याला समईखालची ताटली थरथरते. गाताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. मुद्रणात मात्र त्याच सुराला प्रत्येक वेळी तो खणखणाट येतो. घंटेच्या लोलकाला रुमाल गुंडाळणे, ताटलीखाली फडके ठेवणे, काचेच्या फटीत कागदाची घडी सरकवणे एवढ्याने काम होते.

खोली तयार झाल्यावर अंतराचा प्रश्न येतो, आणि साध्या मायक्रोफोनच्या मुद्रणात खरा निर्णय इथेच होतो. नियम सोपा आहे. थेट आवाजाचे अंतर निम्मे केले की मायक्रोफोनवरचा त्याचा दाब दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबलने वाढतो. तिप्पट जवळ असणाऱ्या आवाजाला सुमारे साडेनऊ डेसिबलचा लाभ मिळतो. तेव्हा तोंड आणि पेटी यांच्या अंतरांचे गुणोत्तर जितके मोठे, तितका गळा पेटीच्या वर राहतो. एकाच मायक्रोफोनवर मुद्रण करताना हा समतोल नंतर बदलता येत नाही, कारण दोन्ही आवाज एकाच रेघेत मिसळलेले असतात. विजेचा मायक्रोफोन नव्हता, आवाज कर्ण्यात गोळा करून थेट तबकडीवर कोरला जायचा, त्या काळातही गाणारा आणि साथीदार यांचा समतोल कर्ण्यापासूनच्या अंतरावरच साधला जाई. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कोलकात्यात गौहरजानचे मुद्रण केले ते याच पद्धतीने.

कॉलर माइक कॉलरलाच लावावा असे नावावरून वाटते. पेटी वाजवत गाणाऱ्यासाठी ती जागा वाईट आहे. मांडी घालून बसलेल्या काकूंचे तोंड फरशीपासून सुमारे सत्तर सेंटिमीटर उंच असते. पेटीचा माथा पंचवीस-तीस सेंटिमीटरवर आणि साधारण तेवढाच पुढे असतो. माइक तोंडाखाली वीतभर, म्हणजे गळ्याशी लावला, तर तो तोंडापासून वीस-बावीस सेंटिमीटरवर येतो खरा, पण पेटीपासूनही जेमतेम पस्तीस सेंटिमीटर राहतो. गुणोत्तर दोनाच्याही खाली जाते. शिवाय हनुवटीखाली व्यंजनांची धार पोहोचत नाही, मंगळसूत्र खुळखुळते आणि पदराची सळसळ प्रत्येक भात्याबरोबर येते.

तोच माइक वर न्यावा. छायाचित्रासाठी वापरतात तसला तिपाई स्टँड, किंवा तो नसेल तर खुर्चीच्या पाठीला बांधलेली काठी, बाजूने आडवी आणून तिच्या टोकाला माइक चिमटवावा. तो काकूंच्या कपाळाच्या उंचीवर, तोंडापासून वीतभर आणि थोडा एका बाजूला असावा. आता तोंड वीस-बावीस सेंटिमीटरवर आहे आणि पेटीचा माथा साठीच्या आसपास गेला आहे. गुणोत्तर तिनाजवळ आले. माइक तोच, गाणे तेच, पेटी तीच. फक्त माइक दीड वीत वर गेल्याने पेटी चार-पाच डेसिबलने खाली येते. ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

माइक तोंडाच्या सरळ रेषेत नको. ‘भ’, ‘फ’, ‘ध’, ‘ठ’ अशा महाप्राण अक्षरांबरोबर तोंडातून हवेचा झोत निघतो, आणि भजनात अशी अक्षरे पावलोपावली येतात. झोत माइकच्या पडद्यावर आदळला की ‘भप्प’ असा जाड धक्का मुद्रित होतो आणि तो पुढे काढता येत नाही. बाजूला तिरका ठेवलेला माइक या झोतातून सुटतो. त्याची फोमची टोपी काढू नये.

मायक्रोफोन एकाच दिशेने ऐकणारा असेल, म्हणजे व्यासपीठावर हातात धरतात त्या जातीचा, तर मांडणी उलटी होते. असा माइक आपल्या पाठीमागचा आवाज बराच टाळतो. तो वरून खाली रोखला तर गाणाऱ्यामागे नाही, तर समोरच्या पेटीकडेच बघतो. म्हणून तो हनुवटीच्या उंचीवर, तोंडापासून वीतभर, थोडा बाजूने आणि वरच्या दिशेने तोंडाकडे रोखून ठेवावा. पेटी त्याच्या पाठीशी येते. हा माइक तोंडासमोरचा आणि गाणाऱ्यामागचा आवाज ऐकतो, तेव्हा उभी केलेली गादी गाणाऱ्याच्या पाठीशी असलेली बरी. मात्र असा माइक फार जवळ, चार बोटांवर आणला तर खालचे सूर अवाजवी जाड होतात. वीतभर अंतर इथेही योग्यच.

इतके झाल्यावर पेटीकडे वळावे. पेटीचा आवाज तीन गोष्टींवर ठरतो: भात्याचा दाब किती, सुरांचे किती संच उघडे, आणि माथा किती झाकलेला. यांतला मधला मुद्दा सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो. डबल सुरांच्या पेटीत प्रत्येक पट्टीला दोन सूर बोलतात, त्यांतला एक बहुधा खर्जाचा, म्हणजे एक सप्तक खालचा असतो. काळी चारमध्ये गाणाऱ्या काकूंचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर असतो, तर त्याच पट्टीचा खर्ज १०४ हर्ट्झवर बोलतो. १०४ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वातीन मीटरच्या वर जाते, म्हणजे खोलीच्या रुंदीएवढी. इतक्या लांब लहरीला चार-पाच इंचांची गादी अडवू शकत नाही. दहा-बारा फुटांच्या खोल्या नेमक्या याच टापूतले सूर उचलून धरतात. त्यामुळे गाद्या लावूनही तळाशी एक ‘हूं’ उरतो, आणि तो खोलीत आणखी गोधड्या टांगून जात नाही. तो जातो पेटीतला खर्ज बंद केल्याने. पेटीच्या पुढच्या भागातली ओढायची बटणे, ज्यांना वाजवणारे स्टॉप म्हणतात, त्यांतली एकेक बंद करून पाहावी आणि खर्ज कुठल्या बटणाने थांबतो ते शोधावे. काही पेट्यांत यांतली काही बटणे केवळ शोभेची असतात, तेव्हा कानानेच खात्री करावी. कपलर असेल तर तोही बंद. बैठकीत भरदार वाटणारी पेटी एकेरी सुरावर थोडी बारीक वाटते, आणि मुद्रणात तीच नेमकी बसते. गाण्याला आधार मिळतो आणि शब्दांना जागा राहते.

स्वर धरून ठेवण्यासाठी षड्ज-पंचमाचे स्टॉप सतत उघडे ठेवण्याची सवय मुद्रणापुरती सोडावी. तो अखंड स्वर खोली भरत राहतो आणि शब्दांच्या शेवटांवर पांघरूण घालतो.

माथ्यावरचे झाकण बंद केल्याने पेटीचा आवाज आणि तिची धार दोन्ही कमी होतात. झाकण नसेल तर पातळ पंचा एकेरी पसरावा. जाड टॉवेलने पेटी बोळ्यातून बोलल्यासारखी होते, तेव्हा इतके झाकू नये. पंचा पट्ट्यांवर येऊ देऊ नये आणि भात्याची हवा घेणारी भोके मोकळी ठेवावीत. पेटी थेट फरशीवर न ठेवता चादरीच्या घडीवर ठेवली की भात्याचे ठोके जमिनीतून स्टँडपर्यंत जात नाहीत. बांगड्या उतरवाव्यात किंवा मनगटावर रुमाल बांधावा. पट्ट्यांवर हात फिरताना होणारी त्यांची किणकिण माइकला फार जवळची असते.

भात्याबद्दल एक सूचना वाजवणाऱ्यासाठी. ओळ संपली की बहुतेक जण भाता जोराने ओढून पेटीवर ती ओळ पुन्हा म्हणतात. बैठकीत हे रंगते. मुद्रणात गळा थांबतो आणि पेटी उसळते. त्या जागी भाता उलट किंचित हलका ठेवावा. पेटी वाजवणारा दुसरा माणूस असेल तर काम आणखी सोपे: त्याला चार-पाच फुटांवर, गाणाऱ्याच्या समोर पण थोडे बाजूला बसवावे. नजरानजर होत राहील इतपत जवळ तो हवाच, नाहीतर सम हुकते. टाळ मात्र लांबच हवा. त्याचा पहिला ठोका अत्यंत तीक्ष्ण असतो आणि मुद्रणाची पातळी तोच फोडतो. काकांनी गोधड्यांच्या स्टँडपलीकडे, सात-आठ फुटांवर बसून टाळ कडेला कड टेकवून हलका वाजवावा.

आता फोन. माइक जोडला म्हणजे फोन तोच वापरतो असे नाही. साडेतीन मिलिमीटरच्या जॅकवर तीन काळी वलये असतील तर तो फोनसाठी बनलेला आहे. दोनच वलये असतील तर तो कॅमेऱ्यासाठीचा, आणि फोन त्याला बहुधा ओळखत नाही. टाइप-सी जोडणीतून जॅक घेताना साधा तारेचा तुकडा पुष्कळ फोनवर चालत नाही, आत स्वतःचे ध्वनिपरिवर्तक असलेला तुकडा लागतो. खात्री करायला मुद्रण चालू करून माइकच्या टोपीवर नखाने हळूच खरवडावे आणि मग फोनच्या अंगावर खरवडावे. पडद्यावरची रेघ पहिल्या वेळी उसळली तर माइक चालू आहे. दुसऱ्या वेळी उसळली तर फोन स्वतःच्याच माइकवर ऐकतो आहे. ब्लूटूथ इअरफोनचा माइक गाण्यासाठी वापरू नये, तो बोलण्यासाठी बनलेला असतो आणि गळ्याचे वरचे पदर कापून टाकतो.

फोनमधल्या दोन सोयी भजनाच्या मुळावर येतात. एक म्हणजे गोंगाट कमी करण्याची. ही सोय एकसारखा चालणारा आवाज शोधून दाबते, कारण पंखा, एसी, रहदारी यांचा आवाज तसाच असतो. पेटीचा धरलेला सूरही तसाच असतो. त्यामुळे लांब स्वरावर पेटी मध्येच विरते, पाण्याखाली गेल्यासारखी डुचमळते आणि नवा सूर लागला की परत येते. बिनतारी कॉलर माइकवर यासाठी वेगळे बटण असते, ते बंद ठेवावे. दुसरी सोय पातळी आपोआप सांभाळण्याची. गाणे थांबले की ती पातळी वाढवते, पेटी आणि खोली वर येतात. गाणे सुरू झाले की पुन्हा दाबते. मुद्रणात दोन ओळींच्या मध्ये पेटी फुगून येते आणि पहिल्या शब्दावर खाली पडते, ही तिची ओळख. ॲपमध्ये Noise reduction आणि Auto gain अशा नावाचे काही दिसले तर बंद करावे. अँड्रॉइडवर चित्रफीत घ्यायची असेल तर Open Camera सारख्या ॲपमध्ये Audio source या ठिकाणी Unprocessed निवडता येते. मात्र ती सोय फोनने दिलेली असावी लागते. आयफोनच्या Voice Memos मध्ये Audio Quality ला Lossless निवडावे. इतरत्र WAV, 44.1 kHz, Mono पुरे. एका मिनिटाला सुमारे पाच एमबी जागा लागते, सहा मिनिटांच्या अभंगाला तीस-बत्तीस.

पातळी लावताना पहिली ओळ गाऊ नये, सर्वांत उंच जागा गावी: शेवटचा गजर किंवा अंतऱ्यातला तार षड्ज, टाळासकट. मापकावर तो ठोका उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या दरम्यान राहावा. मापक नसेल तर लहरीची टोके चौकटीला टेकू नयेत. टेकलेला भाग चपटा होऊन फाटतो आणि नंतर आवाज कमी केला तरी फाटलेलाच राहतो. काही फोनवर पातळी हाताने बदलता येत नाही. तिथे माइक वीतेवरून दीड वीत करावा, आवाज साडेतीन डेसिबलने उतरतो. त्याची किंमत म्हणजे खोली थोडी जास्त येते.

पंखा, फ्रिज आणि जुनी ट्यूबलाइट बंद, फोन एअरप्लेन मोडवर, आणि मग अर्ध्या मिनिटाचा एकच कडव्यापुरता तुकडा मुद्रित करावा. तो फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. लहानसा स्पीकर खालचे सूर वाजवूच शकत नाही, त्यामुळे खर्जाचा ‘हूं’ तिथे लपतो आणि नातेवाइकांच्या मोठ्या स्पीकरवर उघडा पडतो. तारेचे इअरफोन लावून, आवाज अगदी हळू ठेवून ऐकावे. हळू ठेवल्यावरही शब्द कळत असतील आणि पेटी मागे आधार देत असेल तर समतोल बरोबर आहे. शब्द गेले आणि पेटीच उरली तर आधी खर्ज पाहावा, मग पंचा, मग भाता. गळा जवळचा पण गढूळ वाटला तर गादी हलवावी. गळा लांबचा वाटला तर माइक चार बोटे जवळ आणावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

गळा आणि पेटी वेगवेगळी मुद्रित करून जुळवण्याचा मार्गही आहे. आधी पेटी, मग ती तारेच्या इअरफोनवर ऐकत गाणे दुसऱ्या फोनवर. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून इथे तो चालत नाही. समतोल नंतर हवा तसा ठेवता येतो, हा मोठा फायदा. पण अभंगात गाणारा एखाद्या शब्दावर थांबतो, पेटीवाला त्याच्यासाठी सूर धरून ठेवतो, आणि पुढची ओळ दोघे मिळून उचलतात. आधीच वाजवून ठेवलेली पेटी थांबत नाही. घरच्या भजनासाठी एका खोलीत, एका माइकवर, एका दमात केलेले मुद्रणच श्रेयस्कर.

मुद्रणानंतर करण्यासारखे थोडेच असते. Audacity सारख्या मोफत साधनात सुरुवात-शेवट कापून, High-Pass Filter ने ८० हर्ट्झच्या खालचा भाग वगळला की जमिनीचे ठोके जातात. काकूंच्या सुरात त्याखाली काही नसतेच. मग Normalize ने सर्वोच्च टोक उणे एक डेसिबलवर आणावे. Compressor पासून दूर राहावे, कारण तो हळू आवाज उचलतो आणि मोठ्या कष्टाने दाबलेला घुमारा परत वर आणतो. वरून कृत्रिम घुमारा चढवण्याचा मोह होतो. खोलीचा स्वतःचा घुमारा आत असताना त्यावर दुसरा चढवला की शब्द पुन्हा बुडतात. खोलीचा घुमारा पुसणारी साधने मिळतात, पण ती पेटीचे लांब सूर आणि खोलीची शेपटी यांत नीट फरक करू शकत नाहीत, आणि गळ्याच्या मींडेवर खरचटल्यासारख्या खुणा सोडतात.

तयार फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना ती Document म्हणून जोडावी. चित्रफीत म्हणून पाठवली तर वाटेत पुन्हा आवळली जाते, आणि त्यात सर्वांत आधी जाते ती व्यंजनांची धार.